केकच्या तुकड्याचा भाव

आमच्या लेकीच्या शाळेत जानेवारीत आनंदमेळावा असतो. गेल्या वर्षी तिने रव्याचा केक विकायला नेला होता. घरात अंदाजाने ठरलं, बारा तुकडे करू आणि दहा रुपयांना एक देऊ. संध्याकाळी डब्यात नव्वद रुपये जमले होते आणि ती खुशीत होती. रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो, तेव्हा कळलं की केकला एकशेबारा रुपये लागले होते. पोरीने दिवसभर उभं राहून बावीस रुपयांचा तोटा विकला होता. म्हणून यंदा हिशेब आधी केला.

सामानाचा खर्च काढणं सोपं आहे, फक्त प्रत्येक जिन्नस वजनाने धरायचा. वाटी-चमच्याचं माप केकला चालतं, हिशेबाला चालत नाही. आठ इंची गोल डब्यातल्या बिनअंड्याच्या केकला पाव किलो बारीक रवा लागतो. आमच्या दुकानात रवा ५० रुपये किलो, म्हणजे रव्याचे साडेबारा रुपये झाले. दोनशे ग्रॅम साखरेचे नऊ, तेवढ्याच दह्याचे अठरा, दीडशे मिली दुधाचे नऊ आणि शंभर मिली तेलाचे पंधरा. पन्नास ग्रॅम टूटीफ्रूटीचे दहा. बेकिंग पावडर आणि सोडा मिळून अडीच रुपये. व्हॅनिला इसेन्सची २० मिलीची बाटली ४० रुपयांची, त्यातलं एक चमचा वापरलं, म्हणून दहा रुपये. बेरीज ८६ रुपये.

इसेन्सच्या बाटलीपाशी थोडं थांबायला हवं. घरात वरचेवर केक होत असेल तर वापरलं तेवढंच धरा. पण केवळ मेळाव्यासाठी बाटली आणली आणि पुढे ती फडताळात पडून राहणार असेल, तर पूर्ण ४० रुपये याच केकवर घालायला हवेत.

गॅसचा खर्च बायका एकतर सोडून देतात, नाहीतर फार मोठा समजतात. तो काढायची घरगुती रीत आहे. आमचं सिलेंडर सुमारे पंचेचाळीस दिवस जातं आणि शेगडी रोज अडीच तास पेटते, म्हणजे साधारण एकशेबारा तास. सिलेंडरला ९०० रुपये धरले तर तासाला आठ रुपये पडतात. कढईत मीठ घालून ती दहा मिनिटं तापवायची, मग मंद आचेवर पन्नास मिनिटं केक भाजायचा. असा तास भरतो. मंद आचेला खरा खर्च याहून कमीच येतो, पण आठ धरलेले बरे. तुमच्या पावतीवरचा दर आणि तुमचे दिवस घालून हा आकडा काढा. कढईतलं मीठ गार झाल्यावर बरणीत भरून पुढच्या केकला वापरता येतं, म्हणून ते हिशेबात धरलं नाही.

गेल्या वर्षीचा तोटा गॅसने झालाच नव्हता. कागदी बशी एक रुपयाची आणि नॅपकिन पन्नास पैशांचा, असे बारा तुकड्यांचे अठरा रुपये आम्ही विसरलो होतो. त्याहून मोठी चूक भागाकारात होती. ११२ भागिले १२ म्हणजे तुकड्याला सव्वानऊ-साडेनऊ, तेव्हा दहाचा भाव ठीक वाटतो. पण एक तुकडा कापताना मोडला, एक चव बघण्यात गेला आणि एक उरला. पैसे नऊच तुकड्यांचे आले. कापलेल्या तुकड्यांनी नव्हे, विकल्या जातील त्या तुकड्यांनी भागायला हवं होतं. ११२ भागिले ९ म्हणजे साडेबाराच्या आसपास.

मग भाव बारा-तेरा ठेवायचा का? मुलांच्या हातात दहाची नोट असते आणि सुट्ट्यांची पंचाईत होते. पंधरा ठेवला तर शेजारच्या भेळेकडे मुलं वळतात. माझं मत स्पष्ट आहे: भाव दहाच ठेवा आणि तुकडे सोळा करा. केक साडेआठशे ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे तुकडा पन्नासेक ग्रॅमचा होतो. तो मधल्या सुट्टीच्या भुकेला पुरतो. मात्र इतका अरुंद तुकडा गरम केकचा कापला तर टोक हमखास भुगा होतं. केक आदल्या रात्री करावा, पूर्ण गार होऊ द्यावा आणि सकाळी दातेरी सुरीने कापावा. सुरी दर वेळी पुसावी.

सोळा तुकड्यांच्या बशा-नॅपकिनचे चोवीस रुपये धरून खर्च ११८ होतो. तीन तुकडे वाया गेले तरी तेराचे १३० येतात. यात मेहनतीचा मोबदला नाही. तो शाळेच्या मेळाव्यात धरत नाहीत, पण कोणी घरी ऑर्डर दिली तर हा भाव सांगू नये.

यंदा लेकीच्या वहीत पहिल्या पानावर बारा चौकटी आखल्या आहेत. एक तुकडा विकला की एक चौकट खोडायची. बारावी खोडली की सामान, गॅस, बशा सगळं वसूल झालं. त्यानंतर मेळावा उठायच्या वेळी उरलेले तुकडे पंधराला दोन दिले तरी चालतील; बाराव्या तुकड्याच्या आधी मात्र भाव उतरवू नका.