चढ आणि उतार, आलेख एकच

शरीराच्या काही तपासण्यांमध्ये रुग्णाला टेक्नेशियम-९९एम असलेले औषध टोचतात. या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचे, म्हणजे दर ६ तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. समजा, इंजेक्शन दुपारी १२ वाजता दिले आणि त्या वेळची किरणोत्सारिता १ मानली. द्रव्याच्या नैसर्गिक क्षयामुळे ती संध्याकाळी ६ वाजता १/२, मध्यरात्री १/४ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजता १/८ उरेल. ६ तासांच्या टप्प्यांची संख्या x धरली, तर सूत्र होते y = (१/२)ˣ. यातला १/२ हा पाया आणि x हा घातांक.

आता उलट दिशेने पाहू. दुपारी १२ वाजता १ हवी असेल, तर हेच द्रव्य सकाळी ६ वाजता कुपीत दुप्पट असावे लागते आणि आदल्या मध्यरात्री चौपट. ऋण घातांकाचा अर्थ इथे समोर दिसतो: x = -१ असताना y = २, आणि x = -२ असताना y = ४.

हे बिंदू आलेखकागदावर मांडा. डावीकडून उजवीकडे रेषा उतरत जाते: ४, २, १, १/२, १/४. तेच आकडे उजवीकडून डावीकडे वाचले, की प्रत्येक पावलाला दुप्पट होत जातात. हीच y = २ˣ ची वाढ. म्हणून y = (१/२)ˣ आणि y = २ˣ हे आलेख Y-अक्षाच्या आरशातली एकमेकांची प्रतिबिंबे आहेत. दोन्ही (०, १) या बिंदूतून जातात, कारण शून्य घातांकाला किंमत १ च येते.

यावरून पुष्कळांना चकवणारी एक गोष्ट उलगडते. पाया १ पेक्षा मोठा असेल, तर तो जितका मोठा तितका चढ तीव्र. पाया ० आणि १ च्या मध्ये असेल, तर मात्र तो जितका लहान तितकी घसरण वेगवान. ०.१ चे प्रतिबिंब १० आहे, तर ०.९ चे सुमारे १.११. त्यामुळे ०.१ चा आलेख झपाट्याने कोसळतो आणि ०.९ चा रेंगाळतो. पाया बरोबर १ असेल, तर आलेख सपाट आडवी रेषा होतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे उतरता आलेख X-अक्षाला टेकवणे किंवा त्याच्या खाली नेणे. अर्ध्याचे अर्धे करत राहिले, तरी काहीतरी उरतेच. त्यामुळे रेषा अक्षाच्या जवळ जाते, पण त्याला शिवत नाही.

हाती फक्त आकड्यांचा तक्ता असेल, तर x एकेकाने वाढताना प्रत्येक y ला आधीच्या y ने भागून पाहा. भागाकार दर वेळी सारखाच आला, तर आलेख घातांकी आहे आणि तो भागाकारच पाया आहे. तो १ पेक्षा मोठा असेल तर वाढ, लहान असेल तर घट.