मुरमापर्यंत पोचलेला चर

वाळूजमध्ये तासभर जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर पाणी साचते, आणि त्यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मोठे गटार. गटार पाणी संपवत नाही, ते फक्त खालच्या वस्तीकडे आणि शेवटी खाम नदीकडे ढकलते. वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागात ते पाणी रस्त्याच्या कडेलाच जिरवणे अधिक शहाणपणाचे. मात्र ते कुठे आणि किती खोल जिरवायचे, हे इथल्या जमिनीला विचारूनच ठरवावे लागते. पाणी झिरपू देणाऱ्या फरशीचे परदेशी नमुने जसेच्या तसे उचलले, तर वाळूजमध्ये ते फसतील.

आधी हिशेब पाहू. बारा मीटर रुंद रस्त्याच्या शंभर मीटर लांबीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 60,000 लिटर पाणी जमते, म्हणजे दहा हजारी सहा टँकर. आता त्याच रस्त्याच्या साइडपट्टीत दोन मीटर रुंदीचा उथळ, गवताळ चर काढला आणि त्याच्या मधोमध एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा खणून त्यात फक्त मोठी, धुतलेली खडी भरली असे समजू. बारीक कच नसलेल्या खडीत सुमारे 40 टक्के जागा मोकळी असते, म्हणून खाली 40,000 लिटर मावतात. वरच्या उथळ भागात आणखी 20,000 धरले की सगळा पाऊस सामावला.

पण सामावणे वेगळे आणि जिरणे वेगळे. चराचा तळ काळ्या मातीत राहिला, तर ती माती ओली होताच फुगते आणि तिच्या भेगा मिटतात. ताशी दोन मिलिमीटर वेग धरला, तर तळातून तासाला जेमतेम 200 लिटर पाणी उतरते आणि 60,000 लिटर जिरायला बारा दिवसांवर लागतात. तोवर पुढचा पाऊस येतो आणि डासांची एक पिढीही तयार होते. तोच तळ काळी माती ओलांडून मुरमात नेला आणि तिथे ताशी 20 मिलिमीटर वेग मिळाला, तर काम तीस तासांत उरकते. म्हणून कुठल्याही आराखड्याआधी जागोजागी खड्डे खणून मुरूम किती खाली लागतो ते पाहावे, खड्ड्यात पाणी भरून त्याची पातळी किती वेगाने उतरते तेही मोजावे. कडक कातळ वरच लागला, तर तिथे जिरवण्याचा नाद सोडलेला बरा.

रस्तेबांधणीतला अनुभवी माणूस इथे हरकत घेईल: काळ्या मातीत पाणी मुरवले, तर रस्ताच उखडेल. हरकत खरी आहे. म्हणूनच कंटेनर आणि ट्रेलर धावतात तो मधला भाग काँक्रीटचाच ठेवावा, चराच्या रस्त्याकडील भिंतीला जाड प्लास्टिकचे अस्तर लावावे आणि पाणी फक्त खाली जाऊ द्यावे. झिरपणारे पेव्हर ब्लॉक पदपथ आणि पार्किंगपुरते ठीक. सध्या बसवले जाणारे बहुतेक ब्लॉक मात्र झिरपत नाहीत, कारण त्यांच्या फटींत बारीक वाळू आणि खाली दाबलेली कच किंवा काँक्रीट असते. फटींत दोन ते पाच मिलिमीटरची चिप आणि खाली मोकळी खडी असेल, तरच त्या नावाला अर्थ.

दुसरी चूक आणखी साधी आहे. आपल्याकडे झाडांची पट्टी रस्त्यापेक्षा उंच आणि भोवती सलग कठडा! पाण्याने आत जावे कसे? पट्टी रस्त्याहून खाली हवी, कठड्याला ठरावीक अंतरावर खाचा हव्यात, आणि रस्त्यावर थर चढवताना जुना खरवडून काढायला हवा. उतार असेल तिथे चरात दगडी आडबांध घालावेत. मराठवाड्याच्या माळरानांवर समतल चर खणणाऱ्यांना हे शिकवावे लागणार नाही.

औद्योगिक वसाहत म्हटल्यावर तेल आणि रसायनांचा प्रश्न येतोच. माल चढवण्याचे आवार, पेट्रोल पंप, भंगाराचे अड्डे इथले पाणी भूजलात अजिबात सोडू नये. ते अडवून प्रक्रियेकडेच न्यावे. पाझर चर बजाजनगरसारख्या निवासी भागाच्या अंतर्गत रस्त्यांसाठी आहेत. त्यांनी अतिवृष्टी थांबेल असेही नाही. चीनच्या चंगचौ शहराने पाणी शोषणाऱ्या रचनांवर मोठा खर्च केला होता, तरी 20 जुलै 2021 रोजी तिथे एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. त्यामुळे प्रत्येक चराला वरच्या पातळीवर गटारात सांडणारे तोंड ठेवावेच लागते. नेहमीचा पाऊस चर पितो, उरलेला गटार नेते.

खरा धोका गाळाचा आहे. बांधकामाची वाळू आणि साइडपट्टीची धूळ खडीच्या फटी बुजवते, म्हणून कठड्याच्या प्रत्येक खाचेपाशी गाळ बसायला छोटा खळगा ठेवून तो मेअखेर उपसावा लागतो. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी चरात पाणी दिसत असेल, तर वरचा हातभर थर काढून, धुऊन पुन्हा भरण्याची वेळ आली आहे. हे काम कुणाचे, हे निविदेतच लिहिलेले असावे, आणि ठेकेदाराचे देयक पहिल्या पावसाळ्यानंतरच्या मोजणीपर्यंत अडवून ठेवण्याची अटही.