ब्रँचनंतरची एक जागा आणि वाचलेले शंभर ठोके

सोनीचा पहिला प्लेस्टेशन १९९४ साली जपानमध्ये विक्रीला आला. त्याच्या आत मिप्स घराण्यातला आर३०००ए हा प्रोसेसर होता. त्याचं घड्याळ सेकंदाला सुमारे ३ कोटी ३९ लाख ठोके देत असे. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढायचं, तर एका चित्रासाठी हाताशी साधारण ५ लाख ६४ हजार ठोके उरतात. या प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्राम सूचनेगणिक उलगडून पाहिला, की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ‘मागे जा आणि पुन्हा सुरुवात कर’ अशी उडीची सूचना असते आणि तिच्या खाली आणखी एक सूचना असते. उडी मारायची असो वा नसो, ही खालची सूचना पार पडतेच. या जागेला ब्रँच डिले स्लॉट म्हणतात.

ही जागा का निर्माण झाली, ते कळायला प्रोसेसरच्या कामाची पद्धत पाहावी लागते. लग्नघरी पोळ्या करायला बायका ओळीने बसतात. एक गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते. एक पोळी पूर्ण व्हायला वेळ लागतोच, पण रांग सुरू झाली की दर थोड्या वेळाने एक पोळी तयार होऊन पडते. मिप्समध्ये अशी पाच माणसांची रांग आहे: सूचना मेमरीतून आणणे, ती उकलणे, गणित करणे, डेटाच्या मेमरीत जाणे आणि उत्तर लिहून ठेवणे. यालाच पाइपलाइन म्हणतात. रांग भरलेली असली, की घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक सूचना पूर्ण होते.

अडचण येते ती उडीच्या सूचनेला, म्हणजे ब्रँचला. ‘हा आकडा शून्य नसेल तर वर जा’ अशी सूचना उकलली जाते ती दुसऱ्या टप्प्यावर, आणि कुठे जायचं ते तिथेच ठरतं. पण तोवर पहिला टप्पा रिकामा बसलेला नसतो, त्याने ब्रँचच्या खालची सूचना आणायला घेतलेली असते. ती हवी आहे की नको, हे अजून कुणालाच माहीत नाही.

सरळ उपाय म्हणजे थांबणे. ब्रँच दिसली की निर्णय होईपर्यंत नवी सूचना आत घ्यायची नाही. एक ठोका रिकामा जातो. याला स्टॉल म्हणतात. स्टॅनफर्डमध्ये १९८१ साली जॉन हेनेसींनी मिप्सचं काम सुरू केलं आणि बर्कलीत डेव्हिड पॅटरसन आपला रिस्क प्रोसेसर रचत होते. दोन्ही गटांनी दुसरा मार्ग धरला. आत आलेली सूचना टाकून देण्याऐवजी ती चालवायचीच, असा नियम त्यांनी केला. तिथे उपयोगाची सूचना बसवण्याची जबाबदारी कंपायलरवर आली. त्यामुळे हार्डवेअर साधं राहिलं आणि वाया जाणाऱ्या ठोक्याला काम मिळालं.

आता एक छोटा प्रोग्राम घेऊ. शंभर आकड्यांची बेरीज करायची आहे. `$a0` मध्ये पहिल्या आकड्याचा पत्ता आहे, `$a1` मध्ये १०० आहे, आणि बेरीज `$t0` मध्ये साठणार आहे.

```
loop: lw    $t1, 0($a0)
      addiu $a1, $a1, -1
      addu  $t0, $t0, $t1
      addiu $a0, $a0, 4
      bne   $a1, $zero, loop
      nop
```

पहिली ओळ आकडा आणते. दुसरी ओळ मोजणी एकने कमी करते, तिसरी बेरीज करते आणि चौथी पत्ता चार बाइट पुढे सरकवते, कारण प्रत्येक आकडा चार बाइटचा आहे. `bne` ही ब्रँच: मोजणी शून्य झाली नसेल तर वर जा. शेवटचा `nop` म्हणजे ‘काहीही करू नको’. कंपायलरला सुचलं नाही, म्हणून त्याने डिले स्लॉटमध्ये ही रिकामी सूचना घातली आहे.

ती जागा भरायची, तर वरच्या चारांपैकी कोणती सूचना खाली नेता येईल? कसोटी सोपी आहे. जी सूचना हलवायची तिचं उत्तर ब्रँचला लागता कामा नये, आणि मध्ये ओलांडलेल्या सूचनांनाही लागता कामा नये. `lw` हलवता येत नाही, कारण तिने आणलेला आकडा बेरजेला हवा आहे. मोजणी कमी करणारी ओळ हलवता येत नाही, कारण ब्रँच तोच आकडा तपासते. उरल्या दोन: बेरीज आणि पत्ता सरकवणे. दोन्ही चालतील. पत्त्याची ओळ खाली नेऊ.

```
loop: lw    $t1, 0($a0)
      addiu $a1, $a1, -1
      addu  $t0, $t0, $t1
      bne   $a1, $zero, loop
      addiu $a0, $a0, 4
```

आता हिशेब. स्टॉल करणाऱ्या प्रोसेसरवर एका फेरीत कामाच्या पाच सूचना आणि ब्रँचनंतरचा एक रिकामा ठोका, म्हणजे ६ ठोके. शंभर फेऱ्यांना ६००. स्लॉट भरलेल्या प्रोग्राममध्ये पाचच सूचना आणि रिकामा ठोका एकही नाही, म्हणून शंभर फेऱ्यांना ५००. सुरुवातीला पाइपलाइन भरताना जाणारे ४ ठोके दोन्हीकडे सारखेच, तेव्हा ६०४ विरुद्ध ५०४. वाचले १०० ठोके, म्हणजे प्रत्येक ब्रँचमागे एक. वेग १.२ पट झाला. प्लेस्टेशनच्या घड्याळात १०० ठोके म्हणजे सुमारे ३ मायक्रोसेकंद. अशी फेरी एका चित्रात शेकडो वेळा चालली, तर ते अंगावर येतं.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतात. `nop` असलेला प्रोग्राम पाहा. त्यात सहा सूचना आहेत आणि सहा ठोके लागतात, म्हणजे दर सूचनेला सरासरी एक ठोका. स्टॉलवाल्या प्रोसेसरवर पाच सूचनांना सहा ठोके, म्हणजे सरासरी १.२. कागदावर `nop` असलेला प्रोग्राम सरस दिसतो, पण वेळ दोघांना तितकाच लागतो. म्हणून तुलना करताना दर सूचनेची सरासरी बाजूला ठेवावी आणि एकूण ठोके मोजावेत, किंवा `nop` ला सूचनांच्या मोजणीत धरू नये.

पूर्ण प्रोग्रामसाठी हाच हिशेब शेकडेवारीने होतो. समजा, दर शंभर सूचनांत २० ब्रँच आहेत. स्टॉल केला तर १०० सूचनांना १२० ठोके. डिले स्लॉट असेल, तर जितके स्लॉट उपयोगी लागले नाहीत तितकेच ठोके वाया जातील. हेनेसी आणि पॅटरसन यांच्या पाठ्यपुस्तकात यासाठी एक अंदाज आहे: कंपायलर साधारण ६० टक्के स्लॉट भरू शकतो, आणि भरलेल्यांतल्या सूचनांपैकी साधारण ८० टक्के खरोखर कामी येतात. दोन्हींचा गुणाकार ४८ टक्के. म्हणजे २० ब्रँचपैकी ५२ टक्क्यांवर, सरासरी १०.४ ठोके, वाया जातात. एकूण ११०.४ ठोके. १२० ला ११०.४ ने भागलं की १.०८७ येतं, म्हणजे वेगात सुमारे ९ टक्के वाढ. आपल्या छोट्या प्रोग्रामने २० टक्के दिले होते, कारण तिथे प्रत्येक स्लॉट भरला होता आणि प्रत्येक वेळी कामी येत होता.

भरलेली सूचना कधी कामी येत नाही? ब्रँचच्या आधीची निरुपद्रवी सूचना सापडली, तर ती नेहमीच कामी येते. ती सापडली नाही, तर कंपायलर उडीच्या ठिकाणची पहिली सूचना उचलून स्लॉटमध्ये ठेवतो आणि उडी एक सूचना पुढे नेतो. आपल्या फेरीत `lw` ची नक्कल खाली ठेवली, तर ९९ वेळा ती उपयोगी पडेल. शंभराव्या वेळी उडी होणार नाही, तरीही `lw` चालेल आणि यादीच्या बाहेरचा आकडा आणेल. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. यादी मेमरीच्या एका पानाच्या अगदी टोकाला संपत असेल आणि पुढचं पान त्या प्रोग्रामला दिलेलंच नसेल, तर मात्र प्रोग्राम तिथेच कोसळतो. म्हणून चांगला कंपायलर अशी सूचना उचलताना ती फुकट चालली तरी अपाय होणार नाही ना, हे तपासतो.

चुकीची सूचना स्लॉटमध्ये गेली, तर दोष कसा ओळखायचा? मोजणी कमी करणारी `addiu` खाली नेली असं समजा. ब्रँच आता जुना आकडा तपासते. पहिल्या फेरीत तिला ९९ ऐवजी १०० दिसतात, आणि शून्य दिसायला एक फेरी जास्त लागते. फेऱ्या १०१ होतात आणि यादीबाहेरचा एक आकडा बेरजेत मिसळतो. उत्तर नेमकं एका आकड्याने चुकत असेल, तर पहिला संशय स्लॉटवर घ्यावा.

डिले स्लॉटची खरी मर्यादा पुढच्या पिढीत उघड झाली. १९९१ च्या आर४००० मध्ये पाइपलाइन आठ टप्प्यांची झाली आणि ब्रँचचा निर्णय तीन ठोक्यांनी लांबला. जुने प्रोग्राम चालायला हवेत म्हणून स्लॉट एकच राहिला, आणि उडी झाली की उरलेल्या दोन ठोक्यांसाठी पुन्हा थांबणं आलं. अडथळे हाताळणंही किचकट होतं. स्लॉटमधल्या सूचनेत बिघाड झाला, तर परतीचा पत्ता तिच्या आधीच्या ब्रँचचा नोंदवावा लागतो आणि तसं घडल्याची खूण म्हणून `Cause` रजिस्टरमधला `BD` बिट लावावा लागतो. तोवर ब्रँचचा अंदाज आधीच बांधणारं हार्डवेअर सुधारत गेलं आणि स्लॉटची गरज ओसरली. डीईसीच्या १९९२ च्या अल्फामध्ये तो ठेवलाच नाही. बर्कलीतच जन्मलेल्या रिस्क-फाइव्हमध्येही तो नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. त्या काळच्या पाच टप्प्यांसाठी स्लॉट हुशारीचा होता, पण एका चिपची अंतर्गत सोय प्रोग्रामच्या भाषेत कायमची कोरली गेली.

हे स्वतः करून पाहायचं असेल, तर मिसुरी स्टेट विद्यापीठात तयार झालेला मार्स हा मोफत सिम्युलेटर घ्या. यादीत १ ते १०० आकडे भरा आणि स्लॉट भरलेला प्रोग्राम चालवा. `Settings` मध्ये `Delayed branching` चालू असेल, तर बेरीज ५०५० येईल. ते बंद ठेवलं, तर उडी होताना पत्त्याची ओळ चालणारच नाही, पहिलाच आकडा शंभर वेळा मिळवला जाईल आणि उत्तर १०० येईल. मार्समध्ये हे सेटिंग सुरुवातीला बंद असतं, तेव्हा आधी ते चालू करायला विसरू नका.