अवतरण उलटं फिरवून पाहा
समजा, धरणावरचा अधिकारी हिंदीत म्हणाला, ‘पानी छोड़ना पड़ सकता है।’ बातमीत आलं, ‘पाणी सोडावं लागेल.’ हे मराठी वाक्य मूळ न ऐकलेल्या सहकाऱ्याला द्या आणि हिंदीत करायला सांगा. तो लिहील, ‘पानी छोड़ना पड़ेगा।’ दोन्ही हिंदी वाक्यं शेजारी ठेवली की गळालेलं ‘सकता है’ लगेच दिसतं. नुसत्या शक्यतेचा निर्णय झाला होता, आणि तो वाचून नदीकाठची गावं उगाच हादरली असती. दुरुस्ती: ‘सोडावं लागू शकतं.’

सगळं मात्र यात सापडत नाही. हिंदीतली ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. ती मराठीत तशीच राहिली, तर उलट अनुवादातही बहुधा ‘चेष्टा’च परत येते आणि चूक निसटते. म्हणून मूळ बाजूला ठेवून, केवळ मराठी वाचणाऱ्या कुणाला तरी मजकूर दाखवावाच.