रेझोनन्स वाढवला की खर्ज का हरवतो?

बिगुलाला कळाही नसतात आणि भोकेही. तरीही मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूर त्यातून निघतात. सगळे बिगुल-कॉल एवढ्याच सुरांत बसवलेले असतात. अॅनालॉग सिंथेसायझरमधील करवती लाटेत असे सारे सूर, म्हणजे हार्मोनिक, एकाच वेळी वाजत असतात. त्यांतले कोणते पुढे सोडायचे हे फिल्टर ठरवतो.

रॉबर्ट मूग यांच्या फिल्टरला १९६९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याची आकृती शिडीसारखी दिसते: ट्रान्झिस्टरच्या जोड्या आणि कपॅसिटर यांच्या चार पायऱ्या. नियंत्रक व्होल्टेज वाढवले की शिडीतून जास्त विद्युतधारा वाहते, कपॅसिटर लवकर भरतात आणि फिल्टरची सीमा, म्हणजे कटऑफ, वर सरकते. सर्वसाधारण जुळणीत एका व्होल्टला ती दुप्पट होते.

समजा, मूळ सूर ११० हर्ट्झचा आहे आणि कटऑफ ४४० वर, म्हणजे चौथ्या हार्मोनिकवर ठेवला आहे. तेथे प्रत्येक पायरी आवाज सुमारे ०.७ पट करते, म्हणून चार पायऱ्यांनंतर तो चौथा हिस्सा उरतो. ८८० हर्ट्झचा तर पंचविसावाच. ११० चा सूर मात्र जवळजवळ जसाच्या तसा जातो. आवाज भरीव, पण घोंगडीखालून आल्यासारखा लागतो.

आता रेझोनन्स. शिडीतून बाहेर पडलेला आवाज उलटा करून पुन्हा आत सोडायचा, एवढेच त्यात असते. कटऑफवर प्रत्येक पायरीत लाट ४५ अंश मागे पडते, चार पायऱ्यांत १८०. म्हणजे ती आधीच उलटी झालेली असते. पुन्हा उलटवली की सुलट होते आणि मूळ लाटेला जोर देते. खालच्या सुरांची लाट एवढी मागे पडत नाही. ती उलटी होऊन परतते आणि स्वतःलाच खोडते.

परत येणारा भाग तिप्पट ठेवला, तर ४४० चा सूर चौपट वाढतो आणि ११० चा जेमतेम पाव उरतो. करवती लाटेत चौथा हार्मोनिक मुळातच पाव ताकदीचा असतो, त्यामुळे आता दोघे जवळपास बरोबरीला येतात. अशा वेळी कटऑफ हळूहळू फिरवला की एकेक हार्मोनिक पुढे येतो, अगदी बिगुलाच्या सुरांसारखा. मात्र खर्ज गेलेला असतो. इनपुट वाढवून तो थोडा परत मिळतो, पण मग ट्रान्झिस्टर आवाज किंचित फाडू लागतात. काही वादकांना तेच आवडते, मलाही.

परतीचा भाग चौपट झाला की चार पायऱ्यांतली घट पूर्ण भरून निघते आणि फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो. खात्री करायची असेल तर ऑसिलेटरचा आवाज शून्यावर आणावा. सूर तरीही ऐकू येत असेल आणि कटऑफबरोबर वरखाली होत असेल, तर तो फिल्टरचाच.