घरच्या इंटरनेटवर एकाच वेळी किती जण?

इंटरनेटच्या प्लॅनवर छापलेला ‘३० Mbps’ हा आकडा मेगाबिटचा असतो, मेगाबाइटचा नव्हे. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे ३० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त पावणेचार मेगाबाइट येतात. फायलींचा आकार मात्र मेगाबाइट किंवा गिगाबाइटमध्ये सांगितला जातो. ‘कंपनीने तीस सांगितले आणि डाउनलोडला तीनच दिसतात’ ही नेहमीची तक्रार बहुतेक वेळा या आठपटीतून जन्मते. Mb मधला b लहान असेल तर बिट आणि MB मधला B मोठा असेल तर बाइट, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरते.

पुढचा हिशोब बेरीज-वजाबाकीचा आहे. पण त्याआधी कामांचे दोन गट करावे लागतात. व्हिडिओ आणि कॉल यांची भूक ठरलेली असते. चित्राचा दर्जा ठरला की तेवढा वेग मिळाला म्हणजे त्यांचे भागते, जोडणी शंभरची असली म्हणून ते जास्त खात नाहीत. डाउनलोडला पोटच नसते. जेवढे मिळेल तेवढे ते घेते आणि फाइल संपली की उठते. म्हणून ‘एका वेळी किती डाउनलोड चालतील’ या प्रश्नाला खरे तर उत्तर नाही. कितीही चालतील, फक्त वेळ लागेल. मोजायचे ते व्हिडिओ आणि कॉल. त्यांना देऊन जे उरेल ते डाउनलोडचे.

ठरलेल्या भुकेचे आकडे पाठ करण्याइतके थोडे आहेत. फुल एचडी चित्रपटासाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस सुचवते आणि फोर-केसाठी १५. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ४८० रेषांचा व्हिडिओ साधारण एका एमबीपीएसमध्ये चालतो. बऱ्यापैकी स्पष्ट चित्राच्या सामूहिक व्हिडिओ कॉलला ३ धरावेत, आणि तेही दोन्ही दिशांना. नुसत्या आवाजाचा कॉल ०.१ मध्ये भागतो, म्हणजे हिशोबात न धरला तरी चालेल.

३० एमबीपीएसचा प्लॅन असलेले पाच माणसांचे एक घर घेऊ. पूर्ण तीस खर्चायचे नाहीत, पाचवा हिस्सा बाजूला ठेवायचा. व्हिडिओ संथ धारेने येत नाही. ॲप काही सेकंदांचा तुकडा भरभर ओढून घेते, साठवते आणि थांबते. दोन पडद्यांचे तुकडे एकाच क्षणी आले की मागणी सरासरीच्या वर जाते. हाताशी उरले २४. रात्री आठ वाजता दिवाणखान्यात फुल एचडी सामना चालू आहे (५), आजी मोबाइलवर मालिका पाहते आहे (१), आईची ऑफिसची मीटिंग आहे (३) आणि मुलाचा ऑनलाइन क्लास (३). बेरीज १२, शिल्लक १२. आता टीव्ही फोर-केवर नेला तर बेरीज २२ होते. तरीही जमते. दुसऱ्या खोलीतही फोर-के लावला की बेरीज ३७ होते आणि हिशोब फसतो. पण घरात त्याचा पत्ता लागेलच असे नाही. वेग कमी पडला की ॲप गुपचूप चित्राचा दर्जा उतरवते. सामना थांबत नाही, चेंडू तेवढा पुसट दिसू लागतो.

याच घरातल्या कोणी ४० गिगाबाइटचा गेम उतरवायला घेतला तर? चाळीस गिगाबाइट म्हणजे ३,२०,००० मेगाबिट. शिल्लक १२ ने भागले की २६,६६७ सेकंद येतात, म्हणजे जवळजवळ साडेसात तास. सगळे झोपल्यावर २४ एमबीपीएस मिळाले तर पावणेचार तासांत काम उरकते. मात्र डाउनलोड असे शहाण्यासारखे उरलेलेच घेईल या भरवशावर राहू नये. गर्दी झाली की घरातल्या चालू जोडण्यांमध्ये वेग ढोबळमानाने सारखा वाटला जातो, आणि डाउनलोडची ॲप्स एकदम चार-चार, आठ-आठ जोडण्या उघडून तितके वाटे पदरात पाडून घेतात. गेम उतरवणाऱ्या बऱ्याच ॲप्समध्ये वेगमर्यादा घालायची सोय असते, ती वापरावी. तिथला आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये मागितला जातो. १० एमबीपीएस द्यायचे असतील तर सव्वा मेगाबाइट लिहावे लागते.

आतापर्यंतचा हिशोब घरात येणाऱ्या प्रवाहाचा झाला. घराबाहेर जाणाऱ्या प्रवाहाचा, म्हणजे अपलोडचा, हिशोब वेगळा मांडावा लागतो, आणि खरी फजिती तिथेच होते. फायबरच्या पुष्कळ प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे असतात, पण केबलच्या किंवा मोबाइल टॉवरवरून येणाऱ्या जोडणीत अपलोड फार कमी असू शकते. समजा ते ५ आहे. आईची मीटिंग आणि मुलाचा क्लास मिळून ६ होतात. येणारी वाट अर्धी मोकळी असूनही कॉल अडखळतात. त्यात कोणी सहलीहून परतले आणि फोनने चार गिगाबाइटचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले, तर ३२,००० भागिले ५, म्हणजे पावणेदोन तासांहून अधिक काळ ती वाट तुंबलेली राहते.

तुंबल्याचा परिणाम वेगापेक्षा विलंबात जास्त जाणवतो. बाहेर जाणारी माहिती राउटरमध्ये रांगेत उभी राहते. रांगेत एक मेगाबाइट साठले की ते आठ मेगाबिट पाचच्या वेगाने बाहेर पडायला १.६ सेकंद लागतात. दोन माणसे कॉलवर एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात ती याच दीड सेकंदामुळे. व्हिडिओला याची झळ बसत नाही, कारण त्याच्याकडे आधीचा साठा असतो. कॉलला साठा करताच येत नाही. शंका असेल तर विंडोज संगणकावर ही आज्ञा द्यावी:

```
ping -t 8.8.8.8
```

प्रत्येक ओळीत उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसते. घर शांत असताना वीस-तीस येणारा आकडा अपलोड सुरू होताच कित्येक शेकड्यांवर गेला, तर दोष रांगेचा. काही राउटरमध्ये अपलोडची मर्यादा जोडणीच्या वेगाच्या जराशी खाली ठेवता येते. पाचऐवजी साडेचार ठेवली की रांग राउटरच्या ताब्यात राहते. ही सोय नसेल तर फोटो चढवण्याचे काम रात्रीवर ढकलावे.

हे सगळे आकडे राउटरपर्यंतचे आहेत. राउटरला वायरने जोडलेल्या संगणकावर २९ एमबीपीएस आणि आतल्या खोलीत वायफायवर ८ मिळत असतील, तर त्या खोलीचा हिशोब आठातूनच करायचा. फ्लॅटच्या इमारतीत शेजाऱ्यांचे वायफाय एकाच पट्ट्यात गर्दी करते. अशा वेळी महागडा प्लॅन घेणे म्हणजे गल्ली अरुंद असताना हमरस्ता रुंद करणे.

राहिला महिन्याच्या कोट्याचा प्रश्न. फुल एचडीचा एक तास म्हणजे ५ गुणिले ३,६०० सेकंद भागिले ८, अर्थात सव्वादोन गिगाबाइट. फोर-केचा तास पावणेसात गिगाबाइट. सुचवलेल्या वेगात थोडी सूट धरलेली असते, म्हणून प्रत्यक्ष खर्च याहून कमीच भरतो. भारतातल्या अनेक घरगुती ‘अमर्याद’ प्लॅनची मर्यादा महिन्याला ३,३०० गिगाबाइट असते. ती नुसत्या फोर-केवर संपवायची तर टीव्ही महिनाभर रोज सोळा तास चालू ठेवावा लागेल.