फोटोग्राफरच्या हाती टेपही द्या

पुण्यातला एक टू बीएचके विकायचा आहे, असं समजा. जाहिरातीचा मसुदा तयार आहे: ‘650 चौरस फूट कारपेट, 16 बाय 10चा हॉल, पूर्वेला दार, स्वतंत्र पार्किंग.’ फ्रीलान्स फोटोग्राफरला अशा वेळी बहुधा ‘घर छान दिसू दे’ एवढंच सांगितलं जातं. मग फोटो येतात सुरेख, पण मसुद्यातल्या चार दाव्यांपैकी एकालाही त्यांचा आधार मिळत नाही. म्हणून शूटआधी मसुद्यातला एकेक दावा उचलून त्यापुढे हवा असलेला फोटो आणि हवं असलेलं माप लिहून द्यावं.

सुरुवात हॉलपासून. दारातून, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि सरळ धरून एक फोटो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला 24 मिलिमीटरची लेन्स पुरते. 16 मिलिमीटरची लावली की समोरची भिंत लांब पळते आणि हॉल आहे त्याहून मोठा भासतो. मग लेझर मीटरने भिंत ते भिंत माप घ्यायचं, तेही स्कर्टिंगच्या वर, कारण स्कर्टिंग भिंतीच्या थोडं पुढे आलेलं असतं. मीटरवरचा आकडा वाचता येईल असा जवळून फोटो हवाच. समजा, माप 15 फूट 8 इंच बाय 9 फूट 10 इंच भरलं. म्हणजे 160 नव्हे, सुमारे 154 चौरस फूट. इथे दुरुस्ती मजकुरात करायची.

कारपेटचं गणित जरा नाजूक आहे. 2016च्या रेरा कायद्यानुसार घरातल्या आतल्या भिंतींची जागा कारपेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मात्र धरत नाहीत. नुसत्या खोल्यांच्या मापांची बेरीज केली, तर उत्तर कमी येतं. त्यामुळे दारापाशी आतल्या भिंतीची जाडी टेप लावून टिपायची आणि बाल्कनीचं माप वेगळं लिहायचं.

‘पूर्वेला दार’ हा दावा सर्वांत निसरडा. कुणी मुख्य दार धरतं, कुणी हॉलची खिडकी. ब्रीफमध्ये ‘मुख्य दारातून बाहेर पडताना तोंड पूर्वेला’ असं स्पष्ट लिहावं. होकायंत्र आणि दार एकाच फोटोत घ्यावं. लिफ्ट, लोखंडी जाळी किंवा सेफ्टी डोअर जवळ असलं की मोबाइलचं होकायंत्र भरकटतं, म्हणून तीन-चार पावलं दूर जाऊन पुन्हा पाहायचं. दोन्ही वेळा दिशा वेगळी दाखवली, तर सोसायटीच्या मंजूर नकाशावरचा उत्तरेचा बाण पाहायचा.

पार्किंगसाठी जमिनीवर रंगवलेला क्रमांक दिसणारा फोटो आणि दोन खांबांमधलं मोकळं अंतर. गाडी आत शिरते, पण दार उघडत नाही, अशा जागा कमी नसतात. शक्य असल्यास गाडी उभी करून दार उघडल्याचा फोटोही घ्यावा.

फोटो देताना मूळ फाइल्सही मागून घ्याव्यात. उजेड आणि रंग सुधारायला हरकत नाही, पण ओल, तडे किंवा खिडकीबाहेरच्या वायरी पुसू नयेत, हेही ब्रीफमध्येच लिहावं. मापं हाती आल्यावर मसुदा बदलतो: ‘हॉल 15 फूट 8 इंच बाय 9 फूट 10 इंच, मापाचा फोटो सोबत.’